विश्लेषण : बँक म्हणते, ‘कंपनीचे लेटर आणा’... गृहकर्जासाठीच्या या पत्रात नेमके काय हवे?

गृहकर्जासाठी बँकेत गेलेल्या नोकरदाराला हमखास एक वाक्य ऐकायला मिळते : ‘कंपनीचे लेटर आणा.’ तो दुसऱ्या दिवशी एचआरकडे जातो. तिथे त्याला दोन ओळींचा कागद मिळतो : ‘हे आमच्या कंपनीत काम करतात. त्यांच्या विनंतीवरून हा दाखला देत आहोत.’ तो कागद घेऊन पुन्हा बँकेत गेले की कळते, यात रुजू झाल्याची तारीख नाही, पगाराची फोड नाही, सही कोणाची तेही समजत नाही. मग पुन्हा रजा, पुन्हा एचआर. गंगापूर तालुक्यात वाळूज औद्योगिक वसाहतीचा मोठा भाग येतो. तिथे शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला अशा दोन-तीन फेऱ्या म्हणजे दोन-तीन दिवसांचा बुडालेला पगार असतो.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर चार टप्प्यांत ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे घराचा विचार करणारे अनेक जण बँकेत चौकशी करू लागले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तिपत्राचा विषय पुन्हा चर्चेत आला. या दोन्ही गोष्टींचा कंपनीच्या पत्राशी थेट संबंध आहे. हे पत्र कशासाठी लागते, त्यात काय लिहून घ्यायचे आणि ते कसे मागायचे, हे समजून घेऊ.

बँकेला या पत्रातून काय कळून घ्यायचे असते?

बँकेला तुमच्या चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र नको असते. तिच्यासमोर दोनच प्रश्न असतात. पहिला, हा पगार पुढची १५-२० वर्षे येत राहण्याची शक्यता किती? दुसरा, या पगारातून हप्त्यासाठी दरमहा मोकळी रक्कम किती उरते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुजू झाल्याची तारीख, परमनंट की कंत्राटी आणि निवृत्तीचे वय या तीन गोष्टींतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर पगाराची फोड आणि त्यातून होणाऱ्या कपाती यांतून मिळते. यांपैकी जी गोष्ट पत्रात नसेल, ती विचारण्यासाठी बँक तुम्हाला परत पाठवते किंवा स्वतःच्या सोयीचा कमी आकडा धरते. दोन्हींत तोटा अर्जदाराचाच.

हे पत्र प्रत्येक बँकेला लागतेच का?

नाही, आणि हे आधीच विचारून घेतले तर अर्धी धावपळ वाचते. उदाहरणार्थ, स्टेट बँकेच्या गृहकर्जाच्या यादीत नोकरदारासाठी गेल्या ३ महिन्यांच्या पगार स्लिप ‘किंवा’ पगाराचा दाखला, गेल्या २ वर्षांचे फॉर्म १६ किंवा प्राप्तिकर विवरणपत्रे, गेल्या ६ महिन्यांचा खातेउतारा आणि कंपनीचे ओळखपत्र अशी मागणी असते. इथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला व्यवस्थित पगार स्लिप मिळते, त्याला वेगळ्या दाखल्याची गरज पडेलच असे नाही. एचडीएफसी बँकेच्या यादीत सध्याची नोकरी एक वर्षापेक्षा कमी जुनी असेल तर नियुक्तिपत्र मागितले जाते.

मग पत्र नेमके कधी लागते? सहसा चार प्रसंगी. पगार स्लिपवर पूर्ण माहिती नसेल तेव्हा. नोकरी नवी किंवा मुदतीची असेल तेव्हा. ओव्हरटाइम किंवा इन्सेंटिव्हमुळे दर महिन्याची रक्कम वेगवेगळी जमा होत असेल तेव्हा. आणि कंपनी लहान असेल, तिच्याबद्दल बँकेकडे काहीच माहिती नसेल तेव्हा. म्हणून शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारावे : ‘तुम्हाला फक्त नोकरीचा दाखला हवा, पगाराचा दाखला हवा, की पगारातून हप्ता कापून देण्याचे हमीपत्र हवे?’

हे तीन वेगवेगळे कागद आहेत का?

होय, आणि गोंधळ इथेच होतो. नोकरीचा दाखला म्हणजे माणूस कोणत्या पदावर, कधीपासून, कोणत्या स्वरूपाच्या नोकरीत आहे हे सांगणारे पत्र. पगाराचा दाखला म्हणजे एकूण पगार, कपात आणि हातात येणारी रक्कम सांगणारे पत्र. हे दोन्ही एकाच कागदावर घेता येतात आणि तसेच घ्यावेत.

तिसरा कागद मात्र निराळा आहे. पगारातून कर्जाचा हप्ता कापून थेट बँकेला पाठवण्याचे हमीपत्र दिले, तर कंपनीवर एक जबाबदारी येते. अनेक एचआर विभाग ‘बँकेसाठी पत्र’ एवढे ऐकूनच नकार देतात, कारण त्यांना वाटते की हाच कागद मागितला जात आहे. तुम्हाला तो नको असेल, तर अर्जात स्पष्ट लिहा की ‘हप्ता कपातीचे हमीपत्र नको, केवळ माहितीचा दाखला हवा.’ पत्राच्या शेवटी ‘या दाखल्यामुळे कंपनीवर कोणतीही आर्थिक जबाबदारी येत नाही’ हे वाक्य घालण्यास हरकत नाही, हेही आपणहून सांगा. बँका असे वाक्य असलेला माहितीचा दाखला सहसा स्वीकारतात आणि कंपनीची भीडही मोडते.

अर्ज कसा लिहावा?

तोंडी मागणी केली की एचआर आपल्याकडचा जुना साचा काढते आणि दोन ओळी छापून देते. म्हणून मागणी लेखी आणि मुद्देवार करावी. बँकेने छापील यादी किंवा नमुना दिला असेल तर त्याची प्रत जोडावी. खालील मजकूर बहुतेक ठिकाणी चालू शकेल. रिकाम्या जागा आपापल्या माहितीने भराव्यात.

*प्रति,*
*व्यवस्थापक, एचआर विभाग,*
*(कंपनीचे नाव व पत्ता)*

*विषय : गृहकर्जासाठी नोकरी व पगाराचा दाखला मिळण्याबाबत.*

*महोदय / महोदया,*

*मी आपल्या कंपनीत ...... विभागात ...... या पदावर काम करतो / करते. माझा कर्मचारी क्रमांक ...... आहे. घर घेण्यासाठी मी ...... बँकेच्या ...... शाखेत अर्ज करत आहे. बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी सोबत जोडली आहे. कृपया कंपनीच्या लेटरहेडवर, सदर शाखेच्या व्यवस्थापकांच्या नावे, पुढील माहिती असलेला दाखला द्यावा :*

*१. माझे पूर्ण नाव, पॅन कार्डवर आहे त्याप्रमाणे. कर्मचारी क्रमांक आणि पीएफचा यूएएन.*
*२. सध्याचे पद, विभाग आणि कामाचे ठिकाण.*
*३. रुजू झाल्याची तारीख. प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात झाली असल्यास ती तारीख आणि कायम झाल्याची तारीख, दोन्ही.*
*४. नोकरीचे स्वरूप : कायम, प्रोबेशन किंवा मुदतीची. मुदतीची असल्यास मुदत केव्हा संपते.*
*५. कंपनीच्या नियमानुसार निवृत्तीचे वय आणि निवृत्तीची तारीख.*
*६. दरमहाचा एकूण पगार, फोड करून : मूळ वेतन व महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, इतर ठरलेले भत्ते.*
*७. गेल्या ६ महिन्यांतील ओव्हरटाइम व इन्सेंटिव्हची मासिक सरासरी, वेगळ्या ओळीत.*
*८. कपात, फोड करून : पीएफ, व्यवसाय कर, प्राप्तिकर, सोसायटी किंवा कंपनीच्या उचलीचा हप्ता. हप्ता असल्यास बाकी रक्कम आणि शेवटच्या हप्त्याचा महिना.*
*९. पगार ज्या बँक खात्यात जमा होतो त्या बँकेचे नाव.*
*१०. मी सध्या नोकरीत आहे आणि राजीनाम्याची नोटीस दिलेली नाही, असा उल्लेख.*
*११. सही करणाऱ्याचे नाव, पद, कार्यालयाचा दूरध्वनी, कंपनीचा ई-मेल, तारीख, जावक क्रमांक व शिक्का.*

*मला हप्ता कपातीचे हमीपत्र नको आहे. बँकेने किंवा तिच्या प्रतिनिधीने फोन अथवा ई-मेलवर विचारणा केल्यास वरील माहितीची खातरजमा करून देण्यास माझी संमती आहे. बँकेत कागद जमा करण्याची तारीख ...... आहे.*

*आपला / आपली,*
*(सही, नाव, मोबाइल क्रमांक, तारीख)*

या अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. एचआरचा ई-मेल माहीत असेल तर तोच मजकूर मेलवरही पाठवावा. शेवटच्या संमतीच्या वाक्याचा उपयोग मोठा आहे. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याची माहिती बाहेरच्या माणसाला फोनवर सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुमची लेखी परवानगी फाइलमध्ये असली की फोन घेणाऱ्याची अडचण दूर होते.

पत्रातल्या एका ओळीने कर्जात किती फरक पडतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, गंगापुरात राहणारा ३६ वर्षांचा एक परमनंट कामगार वाळूजच्या कारखान्यात आहे. त्याचा ठरलेला एकूण पगार ३६,००० रुपये. त्यातून पीएफचे २,६४०, व्यवसाय कराचे २०० आणि कामगार पतपेढीच्या कर्जाचा ३,००० रुपये हप्ता कापला जातो. हातात ३०,१६० रुपये येतात. शिवाय ओव्हरटाइमचे महिन्याला सरासरी ५,००० रुपये मिळतात. पतपेढीचे फक्त पाच हप्ते राहिले आहेत.

हिशोबासाठी असे धरू की बँक एकूण पगाराच्या निम्म्या रकमेपर्यंत सगळे हप्ते मिळून परवानगी देते, व्याजदर साडेआठ टक्के आहे आणि मुदत २० वर्षे. या दराने एक लाखाला दरमहा सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. प्रत्येक बँकेचे प्रमाण आणि दर वेगळे असतात, पण हिशोबाची पद्धत साधारण अशीच.

पहिली शक्यता : कंपनीने पत्रात फक्त ‘निव्वळ पगार ३०,१६० रुपये’ एवढेच लिहिले. कर्ज अधिकाऱ्याने तोच आकडा धरला आणि त्याचे निम्मे केले, १५,०८० रुपये. मग खातेउताऱ्याबरोबरच्या पगार स्लिपवर पतपेढीचा हप्ता दिसला म्हणून ३,००० रुपये पुन्हा वजा केले. उरले १२,०८०. म्हणजे कर्ज बसते १३ लाख ९० हजारांच्या आसपास. पतपेढीचा हप्ता इथे दोनदा कापला गेला, कारण निव्वळ पगारातून तो आधीच गेलेला होता.

दुसरी शक्यता : पत्रात एकूण पगार आणि कपातीची फोड दिली. ३६,००० चे निम्मे १८,०००, त्यातून पतपेढीचे ३,००० एकदाच वजा. उरले १५,०००. कर्ज १७ लाख २५ हजारांच्या पुढे जाते.

तिसरी शक्यता : ओव्हरटाइमची सहा महिन्यांची सरासरी वेगळ्या ओळीत दिली आणि बँकेने तिचा निम्मा भाग, म्हणजे २,५०० रुपये, उत्पन्नात धरला. शिवाय पतपेढीचे पाचच हप्ते राहिल्याचे पत्रात लिहिले. थोडेच हप्ते राहिलेले कर्ज काही बँका हिशोबात घेत नाहीत. तसे झाले तर ३८,५०० चे निम्मे १९,२५० रुपये हप्त्यासाठी मोकळे. कर्ज २२ लाखांच्या घरात.

माणूस तोच, नोकरी तीच, खात्यात जमा होणारी रक्कमही तीच. फरक फक्त पत्रातल्या माहितीचा. अर्थात प्रत्येक बँक ओव्हरटाइम धरेलच असे नाही, आणि जास्त कर्ज मिळते म्हणून जास्त घ्यावे असेही नाही. या कामगाराला १९,२५० रुपयांचा हप्ता ठरलेल्या पगारातून भरायचा, तर ओव्हरटाइम बंद पडलेल्या महिन्यात घरखर्चाला १४,००० सुद्धा उरत नाहीत. हा हिशोब मात्र बँकेने नव्हे, घरात बसून करायचा आहे.

निवृत्तीच्या तारखेचेही असेच. कंपनीत निवृत्तीचे वय ५८ असेल आणि अर्जदार ४१ वर्षांचा असेल, तर अनेक बँका नोकरीच्या आधारावर १७ वर्षांचीच मुदत देतात. मग लाखाला ८६८ ऐवजी सुमारे ९२८ रुपये हप्ता बसतो. कंपनीचे वय ६० असूनही पत्रात ते लिहिले नाही, तर दोन वर्षांची मुदत विनाकारण जाऊ शकते.

बँक पत्र खरे की खोटे कसे तपासते?

पत्र जमा झाले की काम संपत नाही. बँक किंवा तिने नेमलेली एजन्सी कंपनीत फोन करते, मेल पाठवते किंवा माणूस पाठवते. तो माणूस सहसा गेटवर किंवा टाइम ऑफिसमध्ये विचारतो : अमुक नावाचा माणूस इथे आहे का, कोणत्या पदावर, किती वर्षांपासून? इथे पत्र आणि प्रत्यक्ष उत्तर जुळले नाही की फाइल अडते.

न जुळण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. पत्रात पद ‘ज्युनिअर टेक्निशियन’, ओळखपत्रावर ‘ऑपरेटर’. पॅनवर वडिलांचे नाव मधे, कंपनीच्या नोंदीत फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेले, पण पीएफमध्ये जुनेच. पत्रावर सही करणाऱ्याचा मोबाइल नंबर आहे आणि तो उचलला जात नाही. ई-मेल कंपनीच्या नावाचा नसून खासगी जीमेलचा आहे. लहान कारखान्यात असा खासगी मेल वापरात असतो हे खरे, पण मग जीएसटी क्रमांक आणि कार्यालयाचा दूरध्वनी पत्रावर असलाच पाहिजे, म्हणजे बँकेला कंपनी दुसऱ्या मार्गाने पडताळता येते.

सर्वांत जास्त अडचण रुजू झाल्याच्या तारखेची होते. वाळूजमध्ये अनेक जण आधी प्रशिक्षणार्थी म्हणून लागतात आणि दोन-तीन वर्षांनी कायम होतात. पत्रात पहिली तारीख आणि पीएफच्या पासबुकात नंतरची तारीख आली, की बँकेला शंका येते. म्हणूनच वरील अर्जात दोन्ही तारखा मागितल्या आहेत. पत्र हातात पडल्यावर ते एचआरच्या टेबलाजवळच पॅन, ओळखपत्र, शेवटची पगार स्लिप आणि पीएफ पासबुक यांच्याशी ताडून पाहावे. चूक तिथेच दुरुस्त होते. बँकेत सापडली तर नवा जावक क्रमांक, नवी सही, नवी फेरी.

आणखी एक स्थानिक मुद्दा. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण अनेकांच्या आधारवर, नियुक्तिपत्रावर आणि जुन्या लेटरहेडवर अजून ‘औरंगाबाद’ आहे. पत्रातील पत्त्यात ‘छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)’ असे लिहून घेतले की पत्ता वेगळा असल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

पत्र फार आधी घेऊन ठेवण्यातही अर्थ नाही. बँकेला ताजी तारीख लागते. जागेचे कागद तयार झाल्यावर, अर्ज जमा करण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी ते घ्यावे.

कंत्राटी कामगाराने पत्र कोणाकडे मागायचे?

ज्याच्याकडून पगार आणि पीएफ जमा होतो, त्याच्याकडे. काम मोठ्या कंपनीच्या आवारात असले तरी कागदावर मालक कंत्राटदार असतो. मोठी कंपनी म्हणते ‘हा आमचा कामगार नाही’, आणि कायद्याच्या कागदावर ते बरोबर असते. तिच्या गेटपासची झेरॉक्स बँकेत देऊन उपयोग होत नाही.

कंत्राटदाराकडून पत्र घेताना वरच्या यादीत तीन गोष्टी वाढवाव्यात : काम कोणत्या कंपनीच्या आवारात आहे, तिथे काम करण्याचा सध्याचा करार केव्हापर्यंत आहे आणि त्या कंत्राटदाराकडे कामगार कधीपासून आहे.

खरी अडचण पुढे आहे. अनेक ठिकाणी दर एक-दोन वर्षांनी कंत्राटदार बदलतो, कामगार मात्र त्याच मशीनवर असतो. नव्या कंत्राटदाराच्या पत्रात नोकरी ‘आठ महिन्यांची’ दिसते आणि बँक थांबते. इथे पीएफचा यूएएन कामाला येतो. कंत्राटदार बदलला की पीएफचे खाते नवे उघडते, पण यूएएन एकच राहतो. त्याखाली सगळी जुनी खाती, प्रत्येक मालकाचे नाव आणि महिन्यामहिन्याचा भरणा पासबुकात दिसतो. ही पासबुके काढून तारखांच्या क्रमाने लावली, तर सात-आठ वर्षांचे सलग काम सिद्ध होते. मध्ये एखाद-दुसऱ्या महिन्याचा खंड असेल तर त्याचे कारण लिहून द्यावे. प्रत्येक बँक हे मान्य करीलच असे नाही, पण नुसत्या आठ महिन्यांच्या पत्रापेक्षा ही फाइल कितीतरी भक्कम असते. आणि पासबुकात भरणाच दिसत नसेल, तर गृहकर्जाच्या आधी तो प्रश्न कंत्राटदाराला विचारायला हवा.

कंपनीने पत्र नाकारले तर?

गृहकर्जासाठी दाखला दिलाच पाहिजे, अशी सक्ती कोणत्याही कामगार कायद्यात नाही. त्यामुळे भांडून उपयोग नसतो. पण याच पत्रातील बरीचशी माहिती देणारे दुसरे कागद देणे मात्र मालकावर बंधनकारक आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मधील कलम ६ नुसार मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र दिले पाहिजे. संहिता लागू होण्याआधीपासून कामावर असलेल्या आणि पत्र न मिळालेल्यांना ते तीन महिन्यांत द्यायचे, असेही त्यात म्हटले आहे. ही संहिता साधारणपणे १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. वेतन संहिता, २०१९ नुसार पगार स्लिप देणेही बंधनकारक आहे. पगारातून प्राप्तिकर कापला जात असेल तर फॉर्म १६ हा हक्काचा कागद आहे.

म्हणजे पत्र नाकारले गेले, तर मागणी बदलायची. ‘बँकेसाठी पत्र द्या’ याऐवजी ‘माझ्या नियुक्तिपत्राची प्रत, कायम केल्याचे पत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या पगार स्लिप सही-शिक्क्यानिशी द्या’ असे लिहायचे. याला नकार देणे कंपनीला अवघड जाते. या कागदांबरोबर खातेउतारा आणि पीएफ पासबुक जोडून बँकेला विचारायचे, की दाखल्याऐवजी हे चालेल का. एचआर लेखी पत्र देत नसेल पण बँकेच्या अधिकृत मेलला उत्तर द्यायला तयार असेल, तर काही बँकांना तेवढेही पुरते.

यात एक वाट मात्र कधीच धरू नये. ‘लेटरचे मी बघतो, दोन-तीन हजार द्या’ असे सांगणारा एजंट भेटला, तर तो बनावट लेटरहेडवर जास्त पगाराचे पत्र बनवून देणार असतो. पडताळणीच्या फोनवर ते उघडे पडते. मग कर्ज तर नाकारले जातेच, शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यावर सही अर्जदाराची असते, एजंटची नव्हे.

बँकेने तरीही अर्ज फेटाळला तर?

रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार बँकेने कर्जाच्या अर्जाची पोच द्यायची असते आणि अर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी कळवायची असतात. ‘वरून नाही म्हणाले’ हे उत्तर पुरेसे नाही. लेखी कारण मागावे. ‘नोकरीची पडताळणी झाली नाही’ असे कारण आले, तर एचआरला ते दाखवून फोन कोणत्या दिवशी, कोणाला आला होता हे शोधता येते आणि दुरुस्त पत्रासह फेरविचाराची विनंती करता येते. ‘उत्पन्न अपुरे’ असे कारण आले, तर बँकेने कोणता आकडा धरला हे विचारावे. वरच्या उदाहरणासारखा एखादा हप्ता दोनदा वजा झाला आहे का, हे तेव्हाच कळते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी बँकेकडून लेखी यादी, मग तीच यादी जोडून कंपनीकडे मुद्देवार अर्ज, पत्र मिळताच टेबलावरच ताडून पाहणे, आणि ज्याची सही आहे त्याला ‘या आठवड्यात बँकेचा फोन येईल’ असे सांगून ठेवणे. हा शेवटचा निरोप द्यायला मिनिटभर लागते, पण तो दिला नाही म्हणून अडलेल्या फाइली कमी नसतात.